बोनसच्या महिन्यात टीडीएस एकदम का वाढतो, आणि तो बरोबर कापलाय का हे घरी बसून कसं तपासायचं

दरवर्षी दिवाळीचा पगार झाला की आमच्या एमआयडीसीतल्या अकाउंट्सच्या खिडकीशी रांग लागते आणि प्रश्न एकच असतो, "बठ्ठा बोनस टॅक्समा गया का भो?" मी जळगावात पेरोल बघतो, बरीच वर्षं झाली, आणि खरं सांगायचं तर त्या रांगेतल्या बहुतेकांचं कापलेलं बरोबर असतं, पण दोन-चार जणांचं खरंच चुकलेलं असतं आणि नेमकी तीच माणसं गुपचूप घरी जातात. म्हणून हे लिहितोय, की कुणाचं बरोबर आणि कुणाचं चूक हे ज्याचं त्याला कळावं.

सगळे आकडे, कलम आणि फॉर्मचे नंबर आर्थिक वर्ष २०२५-२६ चे आणि नव्या टॅक्स रेजीमचे आहेत. दुसऱ्या वर्षासाठी वाचत असाल तर त्या वर्षाचे स्लॅब घ्या, रीत तीच राहते.

## आधी एक गैरसमज काढून टाका

बोनसला वेगळा टॅक्स दर नसतो. "बोनसवर सरळ तीस टक्के कापतात" असं चहाच्या टपरीवर कुणी सांगितलं असेल तर सोडून द्या. बोनस हा पगारच आहे, तो वर्षाच्या पगारात मिळवला जातो आणि वर्षाच्या एकूण रकमेवर टॅक्स निघतो. कंपनीने त्याला दिवाळी भेट म्हटलं, इन्सेंटिव्ह म्हटलं, काहीही म्हटलं तरी रोख रक्कम खात्यात आली की ती पगारात धरली जाते.

मग महिन्याला का कापतात? कलम १९२ प्रमाणे कंपनीने तुमच्या पूर्ण वर्षाच्या पगाराचा अंदाज बांधायचा, त्यावर वर्षाचा टॅक्स काढायचा आणि तो सरासरीने महिन्यामहिन्याला कापायचा असतो. अंदाज बदलला की पुढच्या महिन्यांत कमीजास्त करून जुळवायची मुभाही त्याच कलमात आहे. म्हणजे एप्रिलमध्ये बांधलेला अंदाज ऑक्टोबरमध्ये बोनस आल्यावर मोडतो आणि नवा अंदाज लागतो, ऑक्टोबरच्या स्लिपमध्ये जो धक्का बसतो तो या दोन अंदाजांमधल्या फरकाचा असतो.

## टप्पा १: कागद गोळा करा

तीन गोष्टी लागतात, यातली एक जरी नसेल तर हिशोब करायला बसू नका, उगाच डोकं फिरेल.

पहिली, बोनसच्या आधीच्या महिन्याची सॅलरी स्लिप, म्हणजे सप्टेंबरची. त्यात एप्रिलपासून आतापर्यंत एकूण किती टीडीएस कापला तो आकडा असतो, नसेल तर सहाही स्लिपा काढून बेरीज करा. दुसरी, बोनसच्या महिन्याची स्लिप. बोनस वेगळ्या तारखेला मिळाला असेल तर त्याची वेगळी स्लिपही असते, तीही घ्या. तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची म्हणजे टॅक्स कॉम्प्युटेशन शीट. बऱ्याच कंपन्यांच्या पोर्टलवर ती मिळते, नसेल तर एचआरला मागा. त्यात वर्षाचा अंदाजे पगार, स्टँडर्ड डिडक्शन, एकूण टॅक्स, आतापर्यंत कापलेला, बाकी, आणि किती महिन्यांत भागलं हे सगळं असतं. लोक स्लिप घेऊन भांडायला येतात आणि शीट बघतच नाहीत, आणि चूक कायम शीटमध्ये सापडते.

तपासा: शीटवर रेजीम कोणतं लिहिलंय ते आधी बघा. तुम्ही काहीच कळवलं नसेल तर कंपनी नवंच रेजीम धरते. जुनं निवडलं असेल पण गुंतवणुकीचं डिक्लेरेशन भरलं नसेल तर अंदाजात एकही वजावट नसणार आणि मग टीडीएस जास्तच दिसणार, त्यात बोनसचा काही दोष नाही.

## टप्पा २: बोनस नसता तर वर्षाचा टॅक्स किती, ते काढा

उदाहरण घेऊ. चोपड्याकडचा एक मेंटेनन्स इंजिनिअर, महिन्याचा ग्रॉस पगार १,२०,०००. हिशोब सोपा जावा म्हणून आकडे मी गोल घेतलेत. वर्षाचे झाले १४,४०,०००, त्यातून नव्या रेजीमचं स्टँडर्ड डिडक्शन ७५,००० वजा केलं की उरले १३,६५,०००.

आता स्लॅब. पहिल्या ४ लाखांवर काही नाही. ४ ते ८ लाखांवर ५ टक्के म्हणजे २०,०००. ८ ते १२ लाखांवर १० टक्के म्हणजे ४०,०००. इथपर्यंत ६०,००० झाले. वरच्या १,६५,००० वर १५ टक्के म्हणजे २४,७५०. एकूण ८४,७५०, त्यावर ४ टक्के सेस ३,३९०. वर्षाचा टॅक्स ८८,१४०.

बाराने भागा, महिन्याला ७,३४५. एप्रिल ते सप्टेंबर भाऊचे दर महिन्याला एवढेच कापले गेले, सहा महिन्यांचे ४४,०७०. हा आकडा बाजूला लिहून ठेवा, पुढे सारखा लागणार आहे.

## टप्पा ३: आता बोनस धरून तेच परत करा

ऑक्टोबरमध्ये ९०,००० बोनस आला. वर्षाचा पगार १५,३०,००० झाला, ७५,००० गेले की १४,५५,०००. पहिल्या १२ लाखांचे तेच ६०,०००, वरच्या २,५५,००० वर १५ टक्के ३८,२५०, बेरीज ९८,२५०, सेस ३,९३०. वर्षाचा नवा टॅक्स १,०२,१८०.

दोन्हीतला फरक १४,०४०. बोनसचा खरा टॅक्स एवढाच. नव्वद हजारातले भाऊला ७५,९६० सुटतात.

पटकन अंदाज करायचा असेल तर तुमच्या वरच्या स्लॅबचा दर घ्या आणि त्यावर सेस चढवा. १५ टक्के वाल्यांना बोनसच्या १५.६ टक्के, २० वाल्यांना २०.८, ३० वाल्यांना ३१.२. भुसावळला रेल्वेत असलेल्यांना ७८ दिवसांचा बोनस मिळतो तो जास्तीत जास्त १७,९५१ असतो, १५ टक्क्यांत असणाऱ्याला त्यावर साधारण २,८०० टॅक्स येतो, यापेक्षा वर्षाचा आकडा फार वाढलेला दिसला तर बाकी काहीतरी बदललंय.

बोनसमुळे स्लॅब ओलांडला तरी घाबरायचं कारण नाही, ओलांडलेल्या भागालाच वरचा दर लागतो, आधीच्या पैशाला नाही. स्लॅब बदलतो म्हणून बोनस पुढच्या वर्षी द्या असं सांगणारे पण भेटलेत मला. (एक जागा मात्र अशी आहे जिथे घाबरायला कारण आहे, ती टप्पा ६ मध्ये.)

## टप्पा ४: तुमची कंपनी कोणत्या पद्धतीने कापते ते ओळखा

खरा घोळ इथे आहे. वर्षाचा टॅक्स सगळीकडे सारखाच, १,०२,१८०, पण ऑक्टोबरची कपात तीन वेगळ्या प्रकारे येऊ शकते आणि तिन्ही बरोबर असतात.

पहिली पद्धत, बोनसचा टॅक्स बोनसच्याच महिन्यात. नेहमीचे ७,३४५ आणि बोनसचे पूर्ण १४,०४०, मिळून ऑक्टोबरमध्ये २१,३८५. नोव्हेंबरपासून परत ७,३४५. बऱ्याच पेरोल सॉफ्टवेअरमध्ये बोनस "वन टाइम" म्हणून टाकला की असंच होतं. कंपनीला हे आवडतं कारण माणूस डिसेंबरमध्ये सोडून गेला तरी टॅक्स अडकत नाही.

दुसरी पद्धत, उरलेल्या महिन्यांत पसरवणं. नवा वर्षाचा टॅक्स १,०२,१८०, त्यातून कापलेले ४४,०७० गेले, उरले ५८,११०. ऑक्टोबर ते मार्च सहा महिने, महिन्याला ९,६८५. म्हणजे ऑक्टोबरमध्ये फक्त २,३४० वाढले, पण ते वाढीव मार्चपर्यंत तसेच राहणार. या पद्धतीत लोक ऑक्टोबरला खूश असतात आणि नोव्हेंबरला विचारतात की बोनस तर गेला, मग टॅक्स खाली का नाही आला. अहो, तो बोनसचाच हप्ता चालू आहे.

तिसरी पद्धत, एप्रिलपासूनच धरलेला. बोनस ठरलेला असेल, ऑफर लेटरमध्ये रक्कम लिहिलेली असेल, तर काही कंपन्या पहिल्या महिन्यापासून तो अंदाजात घेतात. मग १,०२,१८० भागिले बारा, म्हणजे एप्रिलपासूनच ८,५१५. ऑक्टोबरमध्ये बोनस येतो आणि टीडीएस एक रुपयाने पण हलत नाही.

एक्सेल उघडून बसलात तर दुसऱ्या पद्धतीसाठी एवढंच पुरतं. `B1` मध्ये बोनस धरून वर्षाचा टॅक्स, `B2` मध्ये गेल्या महिन्यापर्यंत कापलेला, `B3` मध्ये उरलेले महिने:

```
=(B1-B2)/B3
```

सावधान: उरलेले महिने मोजताना चालू महिना धरायचा. ऑक्टोबरचा पगार करताना सहा महिने उरलेले असतात, पाच नाही. पाचने भागलं तर ११,६२२ येतं आणि मग तुम्हाला वाटतं कंपनीने कमी कापलं. हीच चूक मी स्वतः पहिल्या वर्षी केली होती आणि साहेबांसमोर अर्धा तास वाद घातला होता.

तपासा: तुमचा ऑक्टोबरचा आकडा या तिन्हीपैकी एकाशी पाच-दहा रुपयांच्या फरकाने जुळतोय का? जुळला तर इथेच थांबा, स्लिप बरोबर आहे. टॅक्स पूर्ण दहाच्या पटीत करतात, सॉफ्टवेअर मधे कुठेतरी राउंड करतं, त्यामुळे थोडाफार फरक चालतो. शेकड्यांनी फरक असेल तर पुढे वाचा.

## टप्पा ५: जुळत नसेल तर चूक कुठे शोधायची

माझ्या पाहण्यात तीन चुका परत परत येतात.

सगळ्यात जास्त होणारी म्हणजे बोनस दर महिन्याचा भत्ता म्हणून टाकला जाणं. पेरोल करणाऱ्या पोराने घाईत "वन टाइम" ऐवजी "रिकरिंग" निवडलं, की सॉफ्टवेअर समजतं हे ९०,००० मार्चपर्यंत दर महिन्याला येणार. सहा महिन्यांचे ५,४०,००० अंदाजात शिरले. करपात्र रक्कम १९,०५,०००, टॅक्स सेससकट १,८८,२४०. त्यातून ४४,०७० वजा केले आणि सहाने भागलं की ऑक्टोबरचा टीडीएस २४,०२८.

आता गंमत बघा. पहिल्या पद्धतीचा बरोबर आकडा २१,३८५ होता आणि हा चुकीचा २४,०२८, नुसत्या स्लिपवरून दोन्ही सारखेच "जास्त" दिसतात. म्हणून मघाशी शीट मागायला सांगितलं. शीटवर वर्षाचा अंदाजे ग्रॉस १५,३०,००० असला पाहिजे, तिथे १९,८०,००० दिसले की चूक पकडली. वर्षाच्या अंदाजातून नेहमीचा पगार वजा करा आणि जे उरेल ते बोनसच्या रकमेएवढंच आहे का बघा, दुप्पट-सहापट असेल तर हेच झालंय.

यात नुकसान कायमचं होत नाही. नोव्हेंबरमध्ये दुरुस्त केलं तर १,०२,१८० मधून ४४,०७० आणि २४,०२८ जातात, उरलेले ३४,०८२ पाच महिन्यांत, महिन्याला साधारण ६,८१६. म्हणजे पुढची कपात आपोआप कमी होते. पण कुणी सांगितलंच नाही आणि ती नोंद तशीच राहिली तर पुढच्या महिन्यात पण अंदाज फुगलेलाच राहतो.

दुसरी चूक दोन स्लिपांची. दिवाळी २० ऑक्टोबरच्या आसपास होती म्हणून बोनस १५-१६ तारखेला वेगळा दिला आणि पगार महिनाअखेरीला. बोनस देताना १४,०४० पूर्ण कापले, ठीक. आता महिनाअखेरीला पगाराचा हिशोब करताना "आतापर्यंत कापलेला" मध्ये ते १४,०४० धरले पाहिजेत. धरले तर १,०२,१८० मधून ४४,०७० आणि १४,०४० गेले, उरले ४४,०७०, भागिले सहा, बरोबर ७,३४५. धरले नाहीत तर पगारातून ९,६८५ कापले जातात, म्हणजे बोनसच्या टॅक्सचा एक हप्ता दुसऱ्यांदा. ऑक्टोबरची एकूण कपात २३,७२५ दिसली तर हा प्रकार आहे.

तिसरी चूक तिसऱ्या पद्धतीवाल्या कंपन्यांत होते. बोनस एप्रिलपासून अंदाजात होताच, ऑक्टोबरमध्ये प्रत्यक्ष देताना अंदाजातला काढला नाही आणि दिलेला वरून मिळवला. बोनस दोनदा झाला. खूण एकच, वर्षाचा ग्रॉस नेमका बोनसएवढा जास्त दिसतो, १५,३०,००० ऐवजी १६,२०,०००.

सावधान: ऑक्टोबरमध्येच पगारवाढ किंवा मागच्या महिन्यांचा फरक मिळाला असेल तर तो पण याच आकड्यात मिसळलेला असतो. आधी तो वेगळा काढा, नाहीतर बोनसच्या नावाने खडे फोडत बसाल.

## टप्पा ६: १२ लाख ७५ हजारांच्या आसपास असाल तर हा टप्पा दोनदा वाचा

रांगेत रडवेला चेहरा करून येणारे इथले असतात, आणि त्यांची तक्रार खरी असते.

नव्या रेजीममध्ये करपात्र उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल तर रिबेटमुळे टॅक्स शून्य होतो. पगारदाराला वर ७५,००० चं स्टँडर्ड डिडक्शन, म्हणून १२,७५,००० पगारापर्यंत काही नाही. आता पाचोऱ्याची एक ताई घ्या, लॅबमध्ये आहे, महिना १,०४,०००. वर्षाचे १२,४८,०००, वजावट जाऊन ११,७३,०००. टॅक्स शून्य, सहा महिने स्लिपवर टीडीएसच्या रकान्यात शून्यच.

ऑक्टोबरमध्ये ८०,००० बोनस आला. करपात्र झालं १२,५३,०००. रिबेट गेला. स्लॅबप्रमाणे टॅक्स ६७,९५० निघतो, म्हणजे ५३,००० जास्त कमावले म्हणून जवळपास ६८,००० टॅक्स, हे तर उलटंच झालं. ते होऊ नये म्हणून मार्जिनल रिलीफ आहे: १२ लाखांच्या वर जेवढे गेलात त्यापेक्षा टॅक्स जास्त घ्यायचा नाही. म्हणून टॅक्स ५३,००० वर थांबतो, त्यावर सेस २,१२०, एकूण ५५,१२०.

म्हणजे ऐंशी हजार बोनसमधले ताईच्या हाती २४,८८०. पहिले २७,००० टॅक्सशिवाय सुटले कारण ते १२ लाखांच्या आत बसले, त्यापुढचा रुपयान् रुपया टॅक्समध्ये गेला, आणि सेस वरून. बोनस आणखी दहा हजार जास्त मिळाला असता तरी हाती काही जास्त आलं नसतं. हे चूक वाटतं पण बरोबर आहे. करपात्र साधारण १२,७०,५८८ च्या पुढे गेलं की रिलीफची गरज संपते आणि परत नेहमीचा १५ टक्क्यांचा हिशोब सुरू होतो.

कपात कशी येईल? पूर्ण एकाच महिन्यात कापणारी कंपनी असेल तर ऑक्टोबरमध्ये ५५,१२० एकदम. पसरवणारी असेल तर सहा महिने ९,१८७ च्या आसपास. सहा महिने शून्य बघायची सवय लागलेल्याला दोन्ही धक्केच.

तपासा: शीटवर "मार्जिनल रिलीफ" ची ओळ आहे का? नसेल आणि एकूण टॅक्स ७०,६६८ दिसत असेल तर रिलीफ लावलेलाच नाही. फरक १५,५४८ चा आहे, सोडण्यासारखा नाही.

इथे करण्यासारखं एकच काम आहे आणि ते बोनस यायच्या आधी करायचं. कंपनी तुमच्या एनपीएस खात्यात स्वतःकडून पैसे भरत असेल तर नव्या रेजीममध्ये बेसिकच्या १४ टक्क्यांपर्यंतची ती रक्कम करपात्र उत्पन्नातून वजा होते. ताईच्या बाबतीत उरलेल्या महिन्यांत ५३,००० एवढं कंपनीच्या वाट्याने गेलं तर करपात्र परत १२ लाखांवर येतं आणि टॅक्स परत शून्य. पण त्यासाठी पगाराची रचना बदलावी लागते, ते कंपनीच्या हातात आहे, आणि पैसे निवृत्तीपर्यंत अडकतात. स्वतःच्या खिशातून एनपीएसमध्ये किंवा पीपीएफमध्ये भरलेल्याची वजावट नव्या रेजीममध्ये मिळत नाही, हे माहीत नसल्यामुळे मागच्या मार्चला एकाने धावपळ करून दीड लाख भरले, टॅक्स जिथल्या तिथे.

## टप्पा ७: पेरोलला काय लिहायचं

"माझा टॅक्स जास्त कापला, बघा जरा" असा मेल आला की खरं सांगतो, तो मागे पडतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरला अशा मेलांचा ढीग असतो. आकडा लिहा. असं:

"शीटवर वर्षाचा ग्रॉस १९,८०,००० दिसतो, माझा नेहमीचा १४,४०,००० आणि बोनस ९०,००० मिळून १५,३०,००० व्हायला हवा. बोनस रिकरिंग म्हणून गेला असेल तर नोव्हेंबरच्या पेरोलआधी वन टाइम करून घ्यावा."

असा मेल आला तर मी तरी त्याच दिवशी बघतो, कारण मला शोधायला काही उरतच नाही.

पद्धत बदलून हवी असेल, म्हणजे एकदम न कापता पसरवून, तर बोनस व्हायच्या आधी विचारा. काही कंपन्या ऐकतात, काही नाही, आणि नाही म्हटलं तर त्यात बेकायदा काही नाही. पसरवून घेताना एवढं लक्षात घ्या की पुढचे सगळे पगार तेवढे कमी येणार, गाडीचा हप्ता वगैरे बसतोय का बघा. आणि बोनस फेब्रुवारी-मार्चला मिळत असेल तर पसरवायला महिनेच नसतात. मार्चला आलेला बोनस म्हणजे सगळा टॅक्स मार्चमध्येच, तिथे भांडून उपयोग नाही.

सावधान: ऑक्टोबरचा कापलेला टीडीएस कंपनीने एकदा भरला की पेरोलवाला तो परत खात्यात टाकू शकत नाही. ऑक्टोबरचा पैसा ७ नोव्हेंबरपर्यंत सरकारकडे जातो. त्यानंतर दुरुस्ती म्हणजे पुढच्या महिन्यांत कमी कापणं, आणि मार्चपर्यंत ते पण झालं नाही तर रिटर्न भरून रिफंड. म्हणून स्लिप आल्यावर आठवड्याच्या आत बघा, मार्चची वाट बघू नका.

## टप्पा ८: बोनस घेऊन नोकरी सोडणार असाल तर

दिवाळीचा बोनस घ्यायचा आणि डिसेंबरअखेर नाशिकला किंवा पुण्याला निघायचं, आपल्याकडे हे नेहमीचं आहे. चोपड्याच्या भाऊने असं केलं तर जुन्या कंपनीत त्याचे नऊ महिन्यांचे १०,८०,००० आणि बोनस ९०,०००, मिळून ११,७०,०००. स्टँडर्ड डिडक्शन जाऊन १०,९५,०००, म्हणजे १२ लाखांच्या आत. जुन्या कंपनीच्या शीटवर टॅक्स शून्य दिसू लागतो आणि शेवटच्या हिशोबात कदाचित कपातच होत नाही. भाऊ खूश.

पण जानेवारी ते मार्चचा पगार नवी कंपनी देणार. तिला जुना पगार, बोनस आणि कापलेला टीडीएस फॉर्म १२बी भरून कळवला नाही तर ती पण तीनच महिन्यांचा पगार धरून शून्य कापेल. स्टँडर्ड डिडक्शन आणि रिबेट दोन्हीकडे वापरले गेले, वर्षाला मात्र ते एकदाच मिळतात. जुलैत रिटर्न भरताना बाकी टॅक्स व्याजासकट निघतो. रुजू झाल्याच्या पहिल्या आठवड्यात फॉर्म द्या, म्हणजे नवी कंपनी उरलेल्या तीन महिन्यांत कापेल, कपात मोठी असेल पण जुलैला खिशातून भरण्यापेक्षा बरी.

## टप्पा ९: कापलेलं खरंच जमा झालं का

ऑक्टोबरचा टीडीएस नोव्हेंबरमध्ये फॉर्म २६एएसमध्ये शोधू नका, दिसणार नाही. ऑक्टोबर ते डिसेंबर या तिमाहीचं रिटर्न कंपनी ३१ जानेवारीपर्यंत भरते, त्यानंतर ते तुमच्या पॅनवर चढतं. फेब्रुवारीच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात इन्कम टॅक्सच्या पोर्टलवर जाऊन बघा. ऑक्टोबरच्या ओळीत कापलेली आणि जमा झालेली रक्कम तुमच्या स्लिपशी जुळायला हवी. दोन स्लिपा असतील तर दोन्हींची बेरीज जुळवा, बोनसचा टीडीएस रिटर्नमध्ये राहून गेल्याचं मी दोनदा बघितलंय, पगाराचा भाग होता आणि बोनसचा नव्हता. फेब्रुवारीत सापडलं तर कंपनी दुरुस्ती रिटर्न भरून ते जूनमधल्या फॉर्म १६ च्या आधी नीट करू शकते.